विनंतिपत्र : फीसाठी अर्धी मदत

(दहावीनंतरच्या शिक्षणाची फी भरणे जेव्हा कठीण होते, तेव्हा काही विद्यार्थी धर्मादाय संस्थांकडे, म्हणजे ट्रस्टकडे, मदत मागतात. असे पत्र कसे लिहावे, ट्रस्टचे लोक त्यात काय पाहतात आणि कोणत्या चुकांमुळे अर्ज मागे पडतो, हे या पाठात एका उदाहरणावरून समजावून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो,

मालेगावातील एका मुलीचे उदाहरण आपण घेऊ. तिचे नाव सलमा आहे असे समजू. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. जेवढे कापड विणले जाईल तेवढी मजुरी मिळते. माग बंद राहिला की मजुरीही बंद. आई घरी शिवणकाम करते. घरात एकूण सहा माणसे आहेत. सलमा उर्दू शाळेतून दहावी उत्तीर्ण झाली. तिला विज्ञान शाखेत जायचे होते. अनुदानित तुकडीतील जागा भरून गेल्या होत्या, म्हणून तिला विनाअनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला. तेथील वर्षाची फी १८,००० रुपये आहे. ती तीन हप्त्यांत भरायची आहे. पहिला हप्ता घरच्यांनी कसाबसा भरला. पुढच्या दोन हप्त्यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा एका ट्रस्टला पत्र लिहायचे ठरले.

सलमाने पहिल्यांदा लिहिलेले पत्र असे होते :

"महाशय, आम्ही फार गरीब आहोत. आमची परिस्थिती अतिशय हलाखीची आहे. माझे वडील महिन्याला फक्त आठ हजार रुपये कमावतात. मला दहावीत चांगले गुण मिळाले आहेत. मला कॉलेजात दाखला मिळाला आहे, पण फी भरायला पैसे नाहीत. मला डॉक्टर किंवा नर्स होऊन समाजाची सेवा करायची आहे. आपण आपल्या मर्जीप्रमाणे जी मदत कराल ती मी आयुष्यभर विसरणार नाही."

या पत्रात खोटे असे काही नाही. तरीही हे पत्र वाचून ट्रस्टच्या सचिवांना काहीच ठरवता येणार नाही. का, ते पाहू या.

ट्रस्टचे पैसे कोणा एकाचे नसतात. ते लोकांनी दिलेले असतात. महाराष्ट्रातील सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे ट्रस्टला हिशेब ठेवावे लागतात आणि ते तपासून घ्यावे लागतात. म्हणून विश्वस्तांपुढे जेव्हा एखादा अर्ज येतो, तेव्हा त्यांना तीन गोष्टी कागदावर लागतात : किती रक्कम द्यायची, कशासाठी द्यायची आणि ती खरोखर लागणार आहे याला पुरावा काय. सलमाच्या पहिल्या पत्रात या तिन्हींपैकी एकही गोष्ट स्पष्ट नाही.

रक्कम कशी ठरवावी?

"आपल्या मर्जीप्रमाणे" असे लिहिणे आपल्याला नम्रपणाचे वाटते. पण त्यामुळे हिशेब करण्याचे काम आपण वाचणाऱ्यावर टाकतो. शिवाय ट्रस्टपुढे अर्ज पुष्कळ आणि पैसे थोडे असतात. जो विद्यार्थी आपल्या घरचा वाटा किती हे सांगून उरलेली रक्कम मागतो, त्याचा अर्ज मंजूर करणे सोपे जाते. म्हणून सलमाने एका कागदावर हिशेब मांडला.

वर्षाची फी १८,००० रुपये. प्रत्येकी ६,००० रुपयांचे तीन हप्ते. पहिला हप्ता भरला, तो घरचा वाटा. त्यासाठी ४,००० रुपये साठवलेले होते आणि २,००० रुपये मामांकडून उसने घेतले. दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला आहे. त्यासाठी घरात पैसे नाहीत. तिसरा हप्ता १५ डिसेंबरला आहे. आईने जुलैपासून शेजारच्या बायकांबरोबर भिशी लावली आहे. सहा जणी दर महिन्याला ५०० रुपये भरतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईची पाळी आहे. तेव्हा ३,००० रुपये हाती येतील. म्हणजे तिसऱ्या हप्त्यातले ३,००० रुपये घरून भरता येतील.

आता बेरीज करा. घरचा वाटा ६,००० अधिक ३,००० म्हणजे ९,००० रुपये. कमी पडणारी रक्कमही ९,००० रुपये. सलमाला नेमकी अर्धी मदत हवी आहे. ती कधी हवी तेही आता कळले : ६,००० रुपये सप्टेंबरमध्ये आणि ३,००० रुपये डिसेंबरमध्ये.

मामांकडून पैसे उसने घेतल्याचे पत्रात लिहावे की नाही, यावर घरात थोडे बोलणे झाले. अब्बा म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर कशाला सांगायची?" अम्मी म्हणाली, "पहिला हप्ता कुठून भरला, हे ते विचारतीलच. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधीच लिहिलेले बरे." अम्मीचे म्हणणे बरोबर होते. पैसे नसतानाही पहिला हप्ता भरला गेला, तर वाचणाऱ्याला वाटते की घरात कुठेतरी पैसे असतीलच. त्या एका वाक्याने ती शंका दूर होते. पण अब्बांचेही काही खोटे नव्हते. फीशी ज्या गोष्टींचा संबंध नाही, जसे घरातील आजार, भांडणे किंवा जुनी दुःखे, त्या पत्रात लिहू नयेत.

उत्पन्न कसे लिहावे?

सलमाने पहिल्या पत्रात महिन्याचे आठ हजार रुपये लिहिले होते. मंदीच्या दिवसांत मागांची एकच पाळी चालते, तेव्हा तिच्या वडिलांना एवढेच मिळतात. पण तिच्याजवळ तहसील कार्यालयातून मिळालेला उत्पन्नाचा दाखला होता. त्यावर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये होते. विश्वस्त आठ हजारांना बाराने गुणतील. उत्तर येईल ९६,०००. पत्रात एक आकडा आणि दाखल्यावर दुसरा! मुलगी खरे बोलत असूनही अर्ज बाजूला पडेल.

म्हणून नियम असा लक्षात ठेवा : पत्रातील आकडा आणि सोबत जोडलेल्या कागदावरील आकडा एकच असला पाहिजे. आधी दाखल्यावरचे उत्पन्न लिहावे आणि मग मंदीच्या महिन्यांची अडचण वेगळ्या वाक्यात सांगावी. दाखल्यात आईच्या शिवणकामाचे २४,००० रुपये धरलेले होते. तेही पत्रात लिहिले पाहिजेत. घरातील एखाद्याची कमाई लपवली आणि ती पुढे उघड झाली, तर मिळालेली मदतही थांबू शकते.

काही ट्रस्ट जकातीच्या पैशांतून मदत करतात. जकात ठरावीक लोकांनाच देता येते. म्हणून त्यांच्या छापील अर्जात घरातील सोने आणि शिल्लक यांविषयी वेगळा प्रश्न असतो. तेथेही असेल तेच लिहावे. जकात देता येत नसेल, तर ज्या ट्रस्टजवळ दुसरा निधी असतो तो त्यातून मदत करू शकतो.

गुण कसे लिहावेत?

"चांगले गुण" म्हणजे किती? कोणाला साठ चांगले वाटतात, कोणाला नव्वदही कमी वाटतात. आकडा लिहिला की प्रश्न मिटतो.

सलमाचे गुण असे होते : उर्दू ८४, मराठी ७६, इंग्रजी ७१, गणित ५८, विज्ञान ८२, सामाजिक शास्त्रे ७९. सहा विषयांची बेरीज ४५०, म्हणजे ६०० पैकी ७५ टक्के. पण आपल्या दहावीच्या परीक्षेत सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतात. त्याप्रमाणे गणित सोडून ५०० पैकी ३९२ गुण, म्हणजे ७८.४० टक्के होतात. गुणपत्रिकेवर हीच टक्केवारी छापलेली असते आणि पत्रातही तीच लिहावी.

मग गणिताचे ५८ गुण लिहायचेच नाहीत का? गुणपत्रिका पत्राला जोडलेली आहे. विश्वस्तांची नजर त्या आकड्यावर जाणारच. म्हणून सलमाने तो स्वतःच लिहिला आणि अकरावीत आपण जीवशास्त्र हा विषय घेतला आहे, हेही सांगितले. कमी गुणांसाठी तिने सबब सांगितली नाही. पुढच्या शिक्षणात त्या विषयाचा किती संबंध येतो, एवढेच सांगितले.

पुढचा बेत कसा लिहावा?

"डॉक्टर किंवा नर्स होऊन समाजसेवा" हे वाक्य विश्वस्तांनी अनेक पत्रांत वाचलेले असते. त्यावरून मुलीने चौकशी केली आहे की नाही, ते कळत नाही. सलमाने चौकशी केली. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. महाराष्ट्रात प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. तेथे प्रवेश मिळाला नाही, तर जी.एन.एम. हा परिचारिकेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. असे दोन रस्ते लिहिले की बेत खरा वाटतो.

एक अडचणही तिने लपवली नाही. तिचे आजवरचे शिक्षण उर्दूतून झाले आणि अकरावी विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आहेत. त्यासाठी ती काय करते, हे तिने एका वाक्यात लिहिले.

आता तिचे दुसरे पत्र वाचा.

---

कु. सलमा अ. ब.
(घराचा पत्ता)
मालेगाव, जि. नाशिक
दिनांक : २० जुलै

प्रति,
मा. सचिव,
................... ट्रस्ट,
(ट्रस्टचा पत्ता)

विषय : इयत्ता अकरावीच्या फीपैकी ९,००० रुपयांची मदत मिळण्याबाबत.

महोदय,

मी यंदा दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञान शाखेच्या विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेतला आहे. वर्षाची फी १८,००० रुपये आहे. तिच्यापैकी ९,००० रुपये आम्ही घरून भरणार आहोत. उरलेल्या ९,००० रुपयांसाठी मी आपल्याकडे हा अर्ज करीत आहे.

माझे वडील यंत्रमाग कामगार आहेत व आई घरी शिवणकाम करते. वडिलांचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये व आईचे २४,००० रुपये, असे एकूण १,४४,००० रुपये आहे. घरात आम्ही सहा जण आहोत व घर भाड्याचे आहे. मंदीत मागांची एकच पाळी चालते, तेव्हा वडिलांची मजुरी महिन्याला ८,००० रुपयांपर्यंत खाली येते.

फीचा पहिला हप्ता ६,००० रुपये आम्ही भरला आहे. त्यापैकी २,००० रुपये मामांकडून उसने घेतले आहेत. दुसरा हप्ता ६,००० रुपये दि. १५ सप्टेंबरपर्यंत व तिसरा हप्ता ६,००० रुपये दि. १५ डिसेंबरपर्यंत भरायचा आहे. तिसऱ्या हप्त्यातील ३,००० रुपये आई भिशीतून देणार आहे. म्हणून सप्टेंबरमध्ये ६,००० रुपये व डिसेंबरमध्ये ३,००० रुपये मिळावेत, अशी विनंती आहे. ही रक्कम परस्पर महाविद्यालयाच्या नावे दिली तरी चालेल. पुस्तके मी मागच्या वर्षीच्या विद्यार्थिनीकडून घेतली आहेत, त्यामुळे त्यांसाठी मदत नको आहे. या वर्षासाठी मी दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे अर्ज केलेला नाही.

मला दहावीत ७८.४० टक्के गुण मिळाले. विज्ञानात ८२ व इंग्रजीत ७१ गुण आहेत. गणितात ५८ गुण आहेत. अकरावीला मी जीवशास्त्र हा विषय घेतला आहे. अकरावीची पुस्तके इंग्रजीत असल्यामुळे मी रोज एक तास विज्ञानातील इंग्रजी शब्दांचा अभ्यास करते.

बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा देण्याचा माझा विचार आहे. तेथे प्रवेश मिळाला नाही, तर मी जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करीन.

माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती. अकरावीचा निकाल लागल्यावर गुणपत्रिकेची प्रत मी आपल्याकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
(सही)
सलमा अ. ब.

सोबत :
१. दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत
२. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत
३. फीच्या हप्त्यांविषयी महाविद्यालयाचे पत्र
४. पहिल्या हप्त्याच्या पावतीची प्रत
५. शिधापत्रिकेची प्रत

---

मित्रांनो, या पत्रात "गरीब" हा शब्द एकदाही आलेला नाही. "हलाखी" नाही, "उपकार" नाही. तरीही घरची परिस्थिती स्पष्ट कळते, कारण ती आकड्यांतून कळते. पत्रातील मुख्य आकड्यांना सोबतच्या यादीत कागद आहे. फीला महाविद्यालयाचे पत्र, उत्पन्नाला दाखला, गुणांना गुणपत्रिका, घरातील माणसांना शिधापत्रिका. पत्र लिहून झाल्यावर तुम्हीही असेच करा : प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यावर बोट ठेवा आणि "याचा कागद कोणता?" असे स्वतःला विचारा. कागद नसेल, तर तो मिळवा. उत्पन्नाचा दाखला मिळायला काही दिवस लागतात. म्हणून त्याची तयारी निकालाच्या आधीच करावी.

तारखेकडेही पाहा. हप्ता १५ सप्टेंबरला आहे आणि पत्र २० जुलैचे आहे. विश्वस्तांची बैठक रोज होत नाही. हप्त्याच्या चार दिवस आधी पोचलेला अर्ज कितीही चांगला असला, तरी त्या हप्त्याला उपयोगी पडत नाही.

पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. ट्रस्टने कमी रक्कम दिली, समजा फक्त ६,००० रुपये दिले, तर उरलेल्या ३,००० रुपयांसाठी दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करता येतो. मात्र तेव्हा पहिल्या ट्रस्टकडून ६,००० रुपये मिळाल्याचे लिहावेच लागते. एकाच रकमेसाठी दोन ठिकाणांहून पैसे घेणे हा दोन्ही ट्रस्टचा विश्वासघात आहे, आणि त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मुलाचा हप्ता अडतो.

भाषेकडे लक्ष द्या

मराठीत असे अनेक शब्द आहेत की जे तुम्ही घरी उर्दूतही वापरता. पण काहींचा अर्थ बदललेला आहे. पत्र लिहिताना येथेच चूक होते.

दाखला – उर्दूत 'दाखिला' म्हणजे शाळेत प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. "मला कॉलेजात दाखला मिळाला" असे सलमाने पहिल्या पत्रात लिहिले होते. तेथे "प्रवेश मिळाला" असे हवे.
हप्ता – उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता म्हणजे ठरलेल्या मुदतीत भरायचा रकमेचा भाग, उर्दूत ज्याला 'किस्त' म्हणतात तो.
गरज – उर्दूत 'गरज' या शब्दात पुष्कळदा स्वार्थाचा अर्थ येतो. मराठीत गरज म्हणजे जरुरी. "मला मदतीची गरज आहे" या वाक्यात कमीपणा नाही.
अर्ज – उर्दूत 'अर्ज करना' म्हणजे नम्रपणे सांगणे. मराठीत अर्ज म्हणजे दरखास्त.

शब्दार्थ

विश्वस्त – ट्रस्टचा कारभार पाहणारी व्यक्ती
अनुदानित – सरकारकडून पैशांची मदत मिळणारी
विनाअनुदानित – सरकारची मदत नसलेली
भिशी – काही जणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेकाला देण्याची पद्धत
उसने घेणे – परत देण्याच्या बोलीवर घेणे
शिधापत्रिका – रेशन कार्ड
परस्पर – मध्ये दुसऱ्याच्या हाती न देता, थेट
परिचारिका – नर्स
हलाखी – अत्यंत गरिबी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलमाला अनुदानित तुकडीत प्रवेश का मिळाला नाही?
(आ) सलमाने ट्रस्टकडे एकूण किती रुपये मागितले?
(इ) आईला भिशीचे पैसे कधी मिळणार होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) महिन्याचे आठ हजार रुपये हा आकडा खरा असूनही पहिल्या पत्रात तो अडचणीचा का ठरला असता?
(आ) मामांकडून घेतलेल्या पैशांविषयी अब्बा काय म्हणाले? अम्मी काय म्हणाली? तुम्हाला कोणाचे पटते?

३. कंसातील शब्दांपैकी योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा. (दाखला, प्रवेश, हप्ता, आठवडा)
(अ) तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा ........ मिळाला.
(आ) भावाला तंत्रनिकेतनात ........ मिळाला.
(इ) फीचा दुसरा ........ पुढच्या महिन्यात भरायचा आहे.

४. सलमा लिहिते, "मी अभ्यास करते." मुलगा असता तर त्याने "मी अभ्यास करतो" असे लिहिले असते. सलमाच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद व समाप्ती मुलाच्या नावाने लिहून पाहा. कोणता शब्द बदलतो आणि कोणते बदलत नाहीत?

५. एका विद्यार्थ्याची वर्षाची फी १२,००० रुपये आहे. ती जुलै आणि नोव्हेंबरमध्ये सारख्या दोन हप्त्यांत भरायची आहे. त्याने जुलैचा हप्ता भरला. सुटीत पुस्तक बांधणीचे काम करून मिळवलेले १,५०० रुपये त्याच्याजवळ शिल्लक आहेत. त्याने ट्रस्टकडे किती रुपये मागावेत? कधीपर्यंत मागावेत? हिशेब करा आणि त्याच्यासाठी विनंतिपत्र लिहा. सोबत जोडायच्या कागदांची यादीही द्या.